डॉलर आधीच विकून ठेवायचा तर कुठे: एक्स्चेंजच्या फ्युचर्समध्ये की बँकेच्या फॉरवर्डमध्ये?

ज्यांची निर्यातीची बिलं साधारण पंचवीस हजार ते एक लाख डॉलरच्या दरम्यान असतात आणि पैसे यायला दोन-तीन महिने लागतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. हेजिंग म्हणजे काय, ते का करायचं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. डॉलरचा आजचा भाव बांधून घ्यायचा हे ठरलेलं आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की तो बांधायचा कुठे: ब्रोकरमार्फत एक्स्चेंजवर, की बँकेत फॉरवर्ड बुक करून.

आमचा व्यवसाय कोल्हापुरात मशिनिंग केलेल्या कास्टिंगचा. बिल डॉलरमध्ये असतं, मुदत माल चढवल्यापासून पंचाहत्तर दिवसांची. दोन्ही मार्गांनी डॉलर विकून झालेले आहेत. दोन्हींत पाप काही नाही आणि दोन्हींचे भाव शेवटी एकाच बाजारातून येतात. तरीही आज माझा कल एका बाजूला आहे. तो का, ते हिशेबातूनच दिसावं म्हणून एकच बिल घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

धरून चालू की ऑगस्टच्या मध्यावर ४८,६०० डॉलरचं बिल निघालं. पैसे ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसांत यायला हवेत. एक्स्चेंजवर ऑक्टोबरचा डॉलर-रुपया करार ८५.४० ला चालला आहे. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण प्रमाण खरं आहे.

एक्स्चेंजवर एक लॉट १,००० डॉलरचा. २९ ऑगस्ट २००८ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपया फ्युचर्स सुरू झाले तेव्हापासून लॉट एवढाच आहे. छोट्या निर्यातदाराला तो सोयीचाच आहे. युरो आणि पौंडाचाही हजाराचाच, येनचा मात्र एक लाखाचा. आपल्या बिलासाठी ४८ लॉट विकायचे आणि वरचे ६०० डॉलर उघडे सोडायचे. ४९ विकले तर ४०० डॉलर जास्तीचे विकल्यासारखे होतात, आणि ते आता नियमात बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने मुद्दा स्पष्ट केला आणि ३ मे २०२४ पासून तो लागू झाला. सगळ्या चलनजोड्या मिळून १० कोटी डॉलरपर्यंत एक्स्चेंजवर कागद दाखवावे लागत नाहीत, पण त्यामागे खरोखरचा, करार झालेला व्यवहार असलाच पाहिजे आणि तो दुसरीकडे कुठे हेज केलेला नसावा. म्हणजे तेच बिल अर्धं बँकेत, पूर्ण एक्स्चेंजवर, असं चालत नाही. आपल्यासारख्यांना यात अडचण नाही, बिल खरंच आहे. पण नुसत्या अंदाजावर सौदे करणारे बरेच लोक त्यानंतर बाजारातून गेले आणि पुढच्या महिन्यांचे करार विरळ झाले. याचा फटका आपल्याला बसतो. चालू महिन्यात खरेदी-विक्रीचे भाव एकमेकांना चिकटून असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ४८ लॉट एका दमात विकायला गेलात तर भाव आपल्याच ऑर्डरने सरकतो. म्हणून मी तिथे लिमिट ऑर्डरच टाकतो आणि पाच-दहा लॉटच्या तुकड्यांनी विकतो.

बँकेत लॉट नाही. ४८,६०० डॉलर म्हणजे ४८,६०० डॉलर, आणि वर ३७ सेंट असतील तर तेही. सहाशे डॉलरच्या या फरकाला मी कधी फार महत्त्व दिलं नाही. दर दीड रुपयाने हलला तर नऊशे रुपयांची गोष्ट आहे. लॉटवरून निर्णय घेणारे भेटतात, पण लॉट निर्णायक ठरतो तो फक्त अगदी छोट्या बिलांत. तीन-चार हजार डॉलरच्या बिलावर फॉरवर्ड मागितला तर बँकेच्या शाखेत उत्साह दिसत नाही. तिथे हजाराचा लॉट खरा उपयोगाचा.

आता टिक. एक्स्चेंजवर भाव पाव पैशाने हलतो, म्हणजे ०.००२५ रुपये. एका लॉटवर एक टिक म्हणजे अडीच रुपये, आणि आपल्या ४८ लॉटवर १२० रुपये. एक पैसा म्हणजे ४८० रुपये. हे पाठ करून ठेवण्यासारखं आहे, कारण बँकेचा भाव मोजायची फूटपट्टी तीच आहे.

बँक फॉरवर्डचा भाव देते तेव्हा त्यात तिचं मार्जिन असतं आणि ते वेगळं लिहिलेलं नसतं. तुमच्याकडे एकच आकडा येतो. समजा ऑक्टोबरअखेरसाठी बँक ८५.२५ म्हणाली. एक्स्चेंजच्या पडद्यावर त्याच क्षणी ८५.४० आहे. फरक १५ पैशांचा, म्हणजे ६० टिक. एका हजार डॉलरमागे १५० रुपये आणि या बिलावर ७,२९० रुपये. दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतात याचं कारण एक्स्चेंजचा करार ज्या दिवशी चुकता होतो तो महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस असतो, आणि बँकांचं फॉरवर्ड प्रीमियम, म्हणजे पुढच्या तारखेसाठी आजच्या भावावर मिळणारी वाढ, तीही महिनाअखेरच्या तारखांवरच उभी असते. तारीख जुळते, म्हणून तुलना सरळ होते.

हे करून पाहण्याआधी मला बँकेचं मार्जिन ठरलेलं असतं असंच वाटायचं. ते ठरलेलं नसतं. शाखेऐवजी बँकेच्या डीलिंग रूमशी बोलायला मिळालं, पडदा समोर ठेवून फोन केला आणि ‘ऑक्टोबर फ्युचर आत्ता ८५.४० आहे, तुमचं मार्जिन किती धरलंय?’ एवढंच विचारलं की समोरचा माणूस दुसऱ्या सुरात बोलतो. वर्षाचा एकूण व्यवहार सांगून मार्जिन लेखी ठरवून घेणं तर आणखी बरं. थोडक्यात, टिकचं मोल एक्स्चेंजवर सौदा न करणाऱ्यालाही कळायला हवं.

खर्चाच्या बाजूने एक्स्चेंज पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं. ब्रोकरेज आणि इतर आकार धरूनही तो काही पैशांच्या आत बसतो. पण थांबा, बँक टळत नाही. ते पुढे कॅश सेटलमेंटच्या मुद्द्यात येतं.

मुदतीबद्दल आधी. फ्युचर्सचा शेवटचा दिवस म्हणजे महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसाच्या दोन कामाचे दिवस आधी, दुपारी साडेबारा. महिनाअखेर शुक्रवारी येत असेल आणि मध्ये सुटी नसेल तर बुधवारी साडेबाराला खेळ संपला. एरवी बाजार पाचपर्यंत चालतो. मुदतीच्या दिवशी या महिन्याचा करार मात्र दुपारीच बंद होतो. पैशांची देवाणघेवाण शेवटच्या कामाच्या दिवशी.

आपल्या गिऱ्हाइकाचे पैसे महिनाअखेरीस येतील असं कोणी लिहून दिलेलं नसतं. आमचे बहुतेक पैसे महिन्याच्या मधल्या दिवसांत येतात, कधी आठवडाभर उशिराने. फ्युचर्समध्ये यावर उपाय सोपा आहे आणि फ्युचर्सची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. पैसे १७ तारखेला आले, तर त्याच दिवशी ४८ लॉट परत विकत घ्यायचे आणि डॉलर बँकेला विकायचे. कोणाची परवानगी नाही, रद्द करण्याचा आकार नाही. उशीर होणार असं दिसलं, तर ऑक्टोबर विकत घेऊन नोव्हेंबर विकायचा. नोव्हेंबरचा भाव प्रीमियममुळे थोडा वरच असतो, त्यामुळे निर्यातदाराला या बदलात महिन्याचे काही पैसे मिळतातच. मात्र हा बदल मुदतीच्या दिवसावर ढकलू नये. दोन-तीन दिवस आधी दोन्ही महिने चांगले चाललेले असतात.

फॉरवर्डमध्ये तारीख बांधलेली असते. एका ठराविक तारखेचा फॉरवर्ड घेतला आणि पैसे आधी आले, तर बँक स्वॅपचा खर्च लावते. उशिरा आले, तर करार त्या दिवसाच्या भावाने रद्द होतो, फरक लगेच द्यावा किंवा घ्यावा लागतो आणि नव्या तारखेचा नव्या भावाने करार होतो. जुना भाव पुढे ओढता येत नाही. मुदत टळून गेल्यावर आपण गप्प बसलो तर बँक स्वतःच करार रद्द करते, आणि त्या वेळचा भाव आपल्या सोयीचा असेलच असं नाही. यावरचा जुना उपाय म्हणजे ऑप्शन फॉरवर्ड: १७ ते ३१ ऑक्टोबर अशी खिडकी ठेवायची आणि त्यात कोणत्याही दिवशी डॉलर द्यायचे. खिडकी जास्तीत जास्त महिन्याची. नावात ऑप्शन असला तरी डॉलर द्यायचे की नाही हा पर्याय यात नसतो, फक्त दिवसाचा असतो.

या खिडकीची किंमत असते. निर्यातदाराला प्रीमियम मिळतं ते खिडकीच्या पहिल्या दिवसापर्यंतचंच. वर्षाला दोन टक्के धरलं तर प्रीमियम महिन्याला साधारण १४ पैसे पडतं, म्हणजे पंधरवड्याच्या खिडकीला सुमारे ७ पैसे. आपल्या बिलावर ३,४०० रुपये. पैसे १७ तारखेलाच आले तर हे नुकसान नाही, कारण फ्युचर्स १७ ला परत घेतानाही तेवढं प्रीमियम भावात शिल्लक असतंच. पैसे ३० तारखेला आले तर मात्र ते ७ पैसे खरोखर गेले. म्हणून महिन्याची खिडकी सवयीने घेऊ नका. गिऱ्हाइकाच्या मागच्या तारखा काढून बघा, बहुतेकदा दोन आठवडे पुरतात.

कॅश सेटलमेंट म्हणजे एक्स्चेंजवर डॉलर कधीच हात बदलत नाही. मुदतीच्या दिवशी करार एफबीआयएल या दर काढणाऱ्या संस्थेच्या संदर्भ दराने बंद होतो आणि आपला विक्रीभाव व तो दर यांतला फरक रुपयांत चुकता होतो. पूर्वी हा दर रिझर्व्ह बँक स्वतः काढत असे, जुलै २०१८ पासून हे काम एफबीआयएलकडे गेलं. साडेअकरा ते साडेबारा या तासातला पंधरा मिनिटांचा एक तुकडा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडतात आणि त्यातल्या बँकांमधल्या सौद्यांवरून दर ठरतो. दुपारी दीडच्या सुमाराला तो जाहीर होतो.

यातून आपल्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, एक्स्चेंजने फक्त भावातला फरक दिला किंवा घेतला. डॉलर अजून आपल्या हातातच आहेत आणि ते विकायला त्याच बँकेकडे जावं लागतं. तिथे मार्जिन आहेच, आता फॉरवर्डवर नाही तर स्पॉटवर. ज्यांची बँक क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या एफएक्स-रिटेलवर व्यवहार करू देते त्यांना इथे दिलासा आहे. २०१९ पासून चालू असलेल्या या मंचावर बाजारभाव दिसतो आणि बँकेचा आकार आधीच कळतो. दुसरी, संदर्भ दर हा स्पॉटचा दर आहे, म्हणजे दोन कामाच्या दिवसांनी डॉलर देण्याचा. खात्यात आज आलेले डॉलर आजच रुपयांत बदलले तर बँक कॅशचा दर लावते आणि तो स्पॉटपेक्षा दोन दिवसांच्या प्रीमियमइतका कमी असतो. एरवी हा फरक पैसा-दोन पैशांचा, पण मध्ये सुट्या आल्या की वाढतो. शिवाय दर ठरला दुपारी बाराच्या आसपास आणि आपण डॉलर विकले चारला, तर मधल्या तासांतली हालचाल आपल्या अंगावर. मुदतीपर्यंत थांबायचंच असेल तर डॉलर त्याच सकाळी, त्याच तासाच्या आसपास, स्पॉट व्हॅल्यूने विकावेत. म्हणजे दोन्ही टोकं जवळजवळ जुळतात.

बँकेच्या फॉरवर्डमध्ये हे दुसरं टोक नसतंच. पैसे आले, कराराचा क्रमांक सांगितला, ठरलेल्या भावाने रुपये जमा झाले.

इथवर बघितलं तर पारडं फ्युचर्सकडेच झुकलेलं दिसेल: भाव उघड, त्यात बँकेचं मार्जिन नाही, तारीख लवचीक. मीही काही काळ तिकडेच होतो. माझा निर्णय फिरला तो एकाच त्रासामुळे, आणि तो लॉट, टिक, मुदत यांपैकी कशातच लिहिलेला नसतो. तो म्हणजे रोजचा मार्क टू मार्केट.

फ्युचर्सचा हिशेब मुदतीला होत नाही, रोज संध्याकाळी होतो. दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांवरून त्या दिवसाचा भाव निघतो, कालच्या भावाशी फरक काढला जातो आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यातून जातो किंवा येतो. सुरुवातीचं मार्जिन, म्हणजे सौदा करताना ब्रोकरकडे ठेवायची अनामत, मुदत ठेव किंवा शेअर तारण ठेवून भागवता येतं, पण रोजचा फरक रोख लागतो.

निर्यातदाराने डॉलर विकलेले असतात. म्हणजे डॉलर वर गेला की त्याच्या खात्यातून पैसे जातात. डॉलर एका दिवसात ६० पैशांनी चढला तर आपल्या ४८ लॉटवर २८,८०० रुपये उद्या सकाळी हवेत. हा तोटा नव्हे, हे मला आणि तुम्हाला कळतं. बिलाचे डॉलर तेवढेच महाग झालेत, शेवटी बँकेतून तेवढे जास्त रुपये येणार आहेत. पण ते ऑक्टोबरअखेर येणार आहेत आणि हे उद्या सकाळी जायचे आहेत. मधल्या काळात कच्च्या लोखंडाचं बिल आहे, विजेचं बिल आहे, पगार आहेत. डॉलर वर जातो तेव्हा तो एक दिवस जाऊन थांबतो असंही नाही, सलग आठवडा-दोन आठवडे तो चढत राहिलेला आपण सगळ्यांनी पाहिलंय. नेमक्या त्या आठवड्यांत रोज सकाळी ब्रोकरचा निरोप येतो: एवढे पैसे भरा. भरले नाहीत तर ब्रोकर लॉट बंद करतो. मग हेज नेमकं अशा वेळी सुटतं जेव्हा आपल्या खात्यावर सगळे वजा आकडे बसलेले असतात, आणि उरलेले दिवस आपण उघडे.

आमच्याकडे याचा खरा त्रास पैशांपेक्षा लक्षाचा झाला. आमचे हिशेब बघणारे काका दर सकाळी बँकेची शिल्लक, पॅकिंग क्रेडिटचा उरलेला भाग आणि ब्रोकरचा आकडा घेऊन बसायचे. ‘साहेब, आजचे भरायचे की चार लॉट सोडायचे?’ हा प्रश्न रोजचा झाला. हेज घेतलं होतं भावाची काळजी मिटावी म्हणून, आणि भाव बघण्याचं काम मात्र रोजचं लागलं. दोन-तीन बिलं एकदम उघडी असताना हे जास्तच जाणवतं. ज्यांच्या खात्यात मोकळा पैसा पडून असतो त्यांना कदाचित हे एवढं बोचणार नाही, हे मी कबूल करतो.

उलटी बाजूही आहे. डॉलर उतरला की रोज पैसे येतात आणि बरं वाटतं. पण ते पैसे नफा नव्हेत. बिलाचे डॉलर तेवढेच स्वस्त झालेले असतात. ते चालू खर्चात गेले की बिल वसूल झाल्यावर कमी रुपये हातात येतात आणि मग हिशेब लागत नाही. फ्युचर्स करणाऱ्याने या जमेसाठी वेगळं खातं ठेवावं असं माझं मत आहे.

आता बिल शेवटपर्यंत नेऊ. ऑक्टोबरच्या मुदतीला संदर्भ दर ८६.९० निघाला असं धरा, म्हणजे दीड रुपयाने डॉलर चढला. ४८ लॉटवर ७२,००० रुपये दहा आठवड्यांत हप्त्याहप्त्याने गेले. डॉलर बँकेने स्पॉटवर १२ पैसे मार्जिन कापून ८६.७८ ने घेतले: ४८,६०० डॉलरचे ४२,१७,५०८ रुपये. त्यातून ७२,००० वजा केले की उरतात ४१,४५,५०८, डॉलरमागे जवळपास ८५.३०.

बँकेचा सरळ महिनाअखेरचा फॉरवर्ड ८५.२५ ने: ४१,४३,१५० रुपये. फ्युचर्स २,३५८ रुपयांनी पुढे.

मग व्याज. सुरुवातीचं मार्जिन साधारण २.८ टक्के धरलं तर सुमारे १,१५,००० रुपये. हे रोख ठेवले तर दहा आठवड्यांचं ११ टक्क्यांनी व्याज २,४०० च्या वर. ७२,००० हळूहळू गेले, म्हणून सरासरी ३६,००० वर आणखी साडेसातशे. दोन्ही मिळून सुमारे ३,२००. म्हणजे फॉरवर्ड आठशे-नऊशे रुपयांनी पुढे आला. मार्जिनसाठी मुदत ठेव तारण ठेवली तर फ्युचर्स पुन्हा पुढे. आणि फॉरवर्डमध्ये पंधरवड्याची खिडकी घेतली आणि पैसे अगदी शेवटी आले, तर फॉरवर्डचे आणखी ३,४०० रुपये गेले.

एकेचाळीस लाखांच्या बिलावर हा फरक इकडे किंवा तिकडे पाच हजारांच्या आत आहे. म्हणूनच माझ्या मते खर्चावरून हा निर्णय होत नाही. तो त्या ७२,००० रुपयांवरून होतो, जे एका मार्गात बिल यायच्या आधी घरातून जातात आणि दुसऱ्यात जात नाहीत. आमच्यासारख्या, पॅकिंग क्रेडिटवर चालणाऱ्या कारखान्याला मी फॉरवर्डचे ते दोन-तीन हजार देणं पसंत करतो.

फॉरवर्डमध्ये रोख लागतच नाही असंही समजू नका. बँक आधी फॉरवर्डची मर्यादा मंजूर करते. काही ठिकाणी ती कर्जाच्या मर्यादेतूनच वळवतात, म्हणजे तेवढं पॅकिंग क्रेडिट कमी झालं. काही ठिकाणी थोडं मार्जिन ठेव म्हणून मागतात. मंजुरीपत्रात हे वाचून घ्यायला हवं, कारण मर्यादा कर्जातून कापली जात असेल तर माझा वरचा सगळा युक्तिवाद निम्मा होतो. आणि गिऱ्हाइकाने पैसेच दिले नाहीत, माल परत आला, तर रद्द करतानाचा फरक एकरकमी बसतो. डॉलर चढलेला असेल तर तो मोठा असतो. गिऱ्हाईक नवं आणि पैशाबद्दल शंका असेल, तर मी बिलाची अर्धीच रक्कम फॉरवर्डमध्ये बांधतो.

ज्यांना बँक मर्यादाच देत नाही, ज्यांची बिलं चार-पाच हजार डॉलरची आणि वेळी-अवेळी येणारी आहेत, किंवा ज्यांच्याकडे तारण ठेवायला ठेवी आणि वर लाख-दीड लाखाची मोकळी शिल्लक आहे, त्यांनी फ्युचर्सच घ्यावेत. तिथे ते उजवे आहेत. आयातदाराचं गणितही थोडं वेगळं. त्याने डॉलर विकत घेतलेले असतात, त्यामुळे त्याच्या खात्यातून पैसे जातात ते डॉलर उतरताना. ऑप्शन फॉरवर्डमध्ये त्याला प्रीमियम खिडकीच्या शेवटच्या दिवसापर्यंतचं भरावं लागतं, म्हणजे लांब खिडकी त्यालाही महागच.

फॉरवर्ड घ्यायचं ठरलं तर फोन करण्याआधी ब्रोकरच्या ॲपवर त्या महिन्याच्या फ्युचरचा भाव उघडून ठेवा. सौदे ज्यात नीट चालले आहेत असाच महिना बघा, विरळ महिन्याचा शेवटचा भाव तासाभरापूर्वीचा असू शकतो. बँकेला स्पॉट, प्रीमियम आणि मार्जिन असे तीन आकडे वेगवेगळे मागा, आणि खिडकी कोणत्या तारखेपासून धरली तेही. तिन्हींची बेरीज-वजाबाकी पडद्यावरच्या भावाशी जुळली, उरलेला फरक ठरलेल्या मार्जिनएवढाच निघाला, की हो म्हणा. फरक जास्त निघाला तर ‘पंधरा मिनिटांनी फोन करतो’ म्हणून ठेवून द्या. बहुतेकदा दुसऱ्या फोनला भाव दोन-चार पैशांनी सुधारलेला असतो.